रोजच्या रियाजाचं रेकॉर्डिंग: वर्षभरात नेमकी किती जागा लागते?

फोनच्या नेहमीच्या रेकॉर्डरवर तासभराचा रियाज रेकॉर्ड केला, तर फाइल साधारण ५० ते ६० एमबीची होते. तोच तास चांगल्या हँडी रेकॉर्डरवर उच्च दर्जाच्या वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केला, की फाइल एक जीबीच्या पुढे जाते. म्हणजे सुमारे अठरापट. एका दिवसापुरतं हे जाणवत नाही. पण गाणं शिकणाऱ्यांपैकी अनेक जण रोजचा रियाज आणि गुरूंची तालीम वर्षभर जपून ठेवतात, आणि मग एका फॉरमॅटमध्ये संपूर्ण वर्ष पेन ड्राइव्हवर मावतं, तर दुसऱ्यात ५०० जीबीची हार्ड डिस्कही पुरत नाही.

जागेचा हा हिशोब आधी करता येतो आणि त्याला फारसं गणित लागत नाही. तो केला नाही, तर तालमीच्या ऐन मध्यावर ‘मेमरी फुल’ असा संदेश येतो आणि पुढचं काहीच नोंदलं जात नाही.

सगळा हिशोब बिटरेटवर

आवाजाची फाइल किती मोठी होणार, हे एका सेकंदाला किती माहिती साठवली जाते यावर ठरतं. यालाच बिटरेट म्हणतात आणि तो केबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती हजार बिट, असा मोजतात.

वेव्ह फाइलमध्ये हा आकडा थेट काढता येतो. रेकॉर्डर एका सेकंदात आवाजाचे ४८,००० नमुने घेत असेल, प्रत्येक नमुना २४ बिटचा असेल आणि डावं-उजवं अशी दोन चॅनेल असतील, तर या तिघांचा गुणाकार २३,०४,००० बिट होतो. म्हणजेच २३०४ केबीपीएस. गायक गात असो की पाणी प्यायला थांबलेला असो, वेव्ह फाइल शांततेलाही तितकीच जागा देते. म्हणून तिचा हिशोब अगदी तंतोतंत जुळतो.

एमपी३, एएसी किंवा ओपस या फॉरमॅटमध्ये बिटरेट आपण निवडतो किंवा ॲप आपल्यासाठी निवडतं. कानाला सहसा कळणार नाही असा भाग काढून टाकून ते माहिती कमी करतात. बहुतेक फोनच्या रेकॉर्डरमधून येणारी `.m4a` फाइल म्हणजे एएसी. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपसमध्ये असतात आणि बोलण्यासाठी ते खूप कमी बिटरेटवर ठेवलेले असतात. म्हणून दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज अगदी लहान असतो, पण त्यात तानपुरा ऐकला की कुठेतरी काहीतरी खटकतं.

आता सोपी युक्ती. केबीपीएसच्या आकड्याला ०.४५ ने गुणलं, की तासाला किती एमबी लागतील ते मिळतं. १२८ केबीपीएसला ५७.६ एमबी. २३०४ केबीपीएसला १०३६.८ एमबी, म्हणजे एक जीबीपेक्षा थोडं जास्त. आणि रोज एक तास, वर्षाचे ३६५ दिवस असा अंदाज हवा असेल, तर केबीपीएसला सहाने भागायचं. उत्तर जीबीमध्ये येतं आणि जरासं वरच्या बाजूला चुकतं. जागेच्या बाबतीत चूक त्याच बाजूला असलेली बरी.

रोज एक तास याप्रमाणे वर्षभराचे नेमके आकडे असे येतात:

| फॉरमॅट | एका तासाला | वर्षाला |
|---|---|---|
| एएसी किंवा एमपी३, ९६ केबीपीएस, मोनो | ४३ एमबी | १६ जीबी |
| एमपी३, १२८ केबीपीएस | ५८ एमबी | २१ जीबी |
| एमपी३, ३२० केबीपीएस | १४४ एमबी | ५३ जीबी |
| वेव्ह, सीडीच्या दर्जाचं (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ) | ६३५ एमबी | २३२ जीबी |
| वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ | १०३७ एमबी | ३७८ जीबी |

रियाजाचा व्हिडिओ काढायची सवय असेल, तर या तक्त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये १०८० पिक्सेल, ३० फ्रेमच्या एका मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात असं दिलेलं असतं. म्हणजे तासाला ३.६ जीबी आणि वर्षाला १३०० जीबीच्या वर. हाताची ठेवण किंवा बसण्याची पद्धत पाहायची असेल तेव्हाच व्हिडिओ काढावा, स्वरासाठी त्याचा उपयोग नाही.

ॲपमध्ये नुसतं ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ एवढंच लिहिलेलं असेल आणि बिटरेट कुठेच दिसत नसेल, तर दहा मिनिटं खरोखर गाऊन रेकॉर्ड करावं, फाइलचा आकार बघावा आणि त्याला सहाने गुणावं. हा तासाचा आकडा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा विश्वासू. मात्र नुसता फोन ठेवून शांततेचं रेकॉर्डिंग करून मोजू नये. काही ॲप शांत भागाला कमी बिट देतात आणि मग अंदाज फसतो.

फ्लॅक: दर्जा तोच, जागा कमी

वेव्ह आणि एमपी३ यांच्या मधली जागा फ्लॅक या फॉरमॅटची आहे. फ्लॅक काहीही टाकून देत नाही. कागदपत्रं झिप करून पुन्हा उघडल्यावर जशी अक्षर न् अक्षर परत मिळतात, तसाच फ्लॅकमधून मूळ आवाज बिटसह परत मिळतो. तरीही फाइल वेव्हच्या साधारण ५० ते ७० टक्के होते.

नेमके किती टक्के, हे मात्र आधी सांगता येत नाही, कारण ते आवाजावरच अवलंबून असतं. पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच लिहून ठेवायचा, असं फ्लॅकचं काम चालतं. तानपुऱ्याचा सलग नाद आणि एकट्या गळ्याचा आलाप यांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा आवाज, टाळ्या यांचा बांधता येत नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत खालच्या काही बिटमध्ये बहुधा माइकची आणि खोलीची खरखरच असते आणि ती जवळजवळ दाबलीच जात नाही. त्यामुळे १६ बिटच्या फाइलचं जेवढं प्रमाण येतं, तेवढं चांगलं २४ बिटला येत नाही. पंखा बंद करून गायल्याने जागा वाचते, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण खरं आहे.

म्हणून फ्लॅकचा अंदाज करताना स्वतःच्याच खोलीतल्या तीन-चार दिवसांच्या फाइल बदलून पाहाव्यात आणि त्यांची सरासरी धरावी.

एका विद्यार्थिनीचं वर्ष

समजा, एक विद्यार्थिनी आठवड्यातून सहा दिवस सव्वा तास रियाज करते. आठवड्यातून दोनदा गुरूंकडे दीड तास तालीम असते आणि सुट्ट्या वगळता ती वर्षात ४८ आठवडे चालते. रियाजाचे तास झाले ३९० आणि तालमीचे १४४. एकूण ५३४ तास.

सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वेव्हमध्ये ठेवलं, तर ५५४ जीबी लागतील. सगळं १२८ केबीपीएस एमपी३मध्ये ठेवलं, तर ३१ जीबी. पहिला आकडा घाबरवणारा आहे, पण दुसरा निवडणं म्हणजे गुरूंच्या तालमीवरही कात्री चालवणं. एकदा एमपी३ केलेली फाइल पुन्हा वेव्ह केली, तर जागा पहिल्याइतकी मोठी लागते, गेलेला आवाज मात्र परत येत नाही. हा रस्ता एकेरी आहे, म्हणून फॉरमॅट ठरवायचा तो रेकॉर्ड बटण दाबायच्या आधी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रियाज आणि तालीम या दोन्हींची गरज वेगळी आहे. रियाजाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकायचं असतं: सूर कुठे लागला नाही, तान कुठे अडखळली. त्याला ९६ केबीपीएस मोनो पुरेसं आहे. ३९० तासांचे होतात सुमारे १७ जीबी. तालीम मात्र दहा वर्षांनीही ऐकली जाईल. त्यातली गुरूंची एखादी जागा पुन्हा मिळणार नाही. ती २४ बिट वेव्हमध्ये घ्यावी आणि नंतर फ्लॅक करावी. १४४ तासांचं वेव्ह १४९ जीबी होतं. तिच्या खोलीत मोजलेलं फ्लॅकचं प्रमाण ६० टक्के आलं असं धरलं, तर ९० जीबी उरतात. रियाजासह वर्षाला १०७ जीबी.

५५४ वरून १०७. कानाला जिथे फरक पडतो, तिथे काहीही न गमावता.

या १०७ मधले ९० तालमीचे आहेत, हेही बघण्यासारखं आहे. अनेक जण जागा कमी पडली की जुन्या रियाजाच्या फाइल एकेक ऐकून पुसत बसतात. समजा, तिने आठवड्याचा एकच रियाज ठेवला आणि बाकीचे पाच पुसले, तर वर्षाला १४ जीबी वाचतील. त्यासाठी ३००-३५० तासांचा रियाज पुन्हा ऐकून निवड करण्यात अर्थ नाही. निवड करायचीच असेल तर त्याच दिवशी करावी, रियाज संपल्यावर फाइलच्या नावात एक खूण घालून. जागा वाचवण्याचा खरा वाव तालमीत आहे. उदाहरणार्थ, माइक एकच असेल आणि तरी रेकॉर्डर स्टिरिओवर ठेवला असेल, तर दोन्ही चॅनेलमध्ये तोच आवाज जातो आणि वेव्हची निम्मी जागा फुकट जाते. मोनो केलं की १४९ चे ७५ जीबी होतात.

तालीम रेकॉर्ड करायला गुरूंची परवानगी आहे ना, आणि ती फक्त स्वतःसाठी की इतरांनाही ऐकवण्यासाठी, हे आधी स्पष्ट असावं. पुढे क्लाउडवर काय चढवायचं, हे त्यावरही अवलंबून आहे.

वर्षाची बेरीज आणि एका वेळची गरज

१०७ जीबी हा वर्षअखेरचा आकडा झाला. पण फाइल बदलताना काही काळ वेव्ह आणि फ्लॅक दोन्ही डिस्कवर असतात. तिने वर्षभराचं वेव्ह साठवून दिवाळीच्या सुट्टीत सगळं एकदम बदलायचं ठरवलं, तर तेवढ्यापुरते १४९ अधिक ९०, म्हणजे जवळपास २४० जीबी मोकळे लागतील. लॅपटॉपचा एसएसडी २५६ जीबीचा असेल तर ते शक्यच नाही. हेच काम दर रविवारी केलं, तर एका आठवड्याचे वेव्ह ३.१ जीबी आणि त्याचे फ्लॅक १.९ जीबी, मिळून पाच जीबीत भागतं.

लॅपटॉपवर `flac` हा मोफत प्रोग्रॅम असेल तर त्यासाठी दोन ओळी पुरतात:

```
flac --verify 2025-06-10_talim.wav
flac -t 2025-06-10_talim.flac
```

पहिली ओळ फ्लॅक बनवते आणि बनवतानाच मूळ आवाजाशी ताडून पाहते. दुसरी ओळ तयार झालेली फाइल शेवटपर्यंत वाचून ती धड आहे का, हे तपासते. दोन्हींत चूक दाखवली नाही आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली, की मगच वेव्ह पुसावी. काही नवे रेकॉर्डर ३२ बिट फ्लोट या प्रकारात रेकॉर्ड करतात. तो प्रकार फ्लॅकमध्ये जसाच्या तसा बसत नाही. फ्लॅक करायचं असेल तर रेकॉर्डर २४ बिटवर ठेवावा.

पुसल्यावरही जागा लगेच मिळतेच असं नाही. विंडोजमध्ये फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ या फोल्डरमध्ये पडून राहते. तो रिकामा होईपर्यंत ती जागा अडलेलीच असते.

डिस्क घेताना

पाकिटावर लिहिलेली जागा आणि संगणकावर दिसणारी जागा यांत फरक असतो. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही ‘जीबी’ असंच लिहितं. म्हणून २५६ जीबीचं कार्ड विंडोजवर २३८ जीबी दिसतं आणि एक टीबीची डिस्क ९३१ जीबी. दुकानदाराने फसवलेलं नसतं. या लेखातले आकडे पाकिटावरच्या मोजणीचे आहेत, त्यामुळे खरेदीच्या वेळी ते तसेच वापरता येतील.

डिस्क काठोकाठ भरू नये, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवावी. ५०० जीबीच्या डिस्कवर ४२५ जीबी वापरायचे धरले, तर तिची चार वर्षं मावतात. दोन टीबीची घेऊन पंधरा वर्षांची सोय झाली असं मानण्यात अर्थ नाही. जागा उरेल, पण एवढी वर्षं तीच डिस्क चालेल याचा भरवसा नाही. मधेच डिस्क बदलावी लागणारच.

खर्च करायचाच तर तो दुसऱ्या प्रतीवर करावा. एकाच डिस्कवर असलेलं रेकॉर्डिंग ती डिस्क पडली की संपतं. ५०० जीबीच्या दोन डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक नातेवाइकांकडे. महिन्यातून एकदा दोन्हींवर सारखं आहे ना ते पाहावं. प्रत्येक प्रतीला तेवढीच जागा लागते, त्यामुळे वर्षाचे १०७ जीबी खरं तर २१४ असतात, आणि बजेट करताना नेमकं हेच विसरलं जातं.

क्लाउडचं गणित निराळं. गुगलच्या खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सर्वांना मिळून. १०० जीबीची योजना घेतली, तरी १०७ जीबीचं वर्ष तिच्यात मावत नाही, बाराव्या महिन्यात ती भरते. चढवायला वेळही लागतो: दीड तासाची वेव्ह दीड जीबीपेक्षा मोठी असते. दिवसाला १.५ जीबी डेटाचा प्रीपेड पॅक एका तालमीत संपतो. घरच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर तीच फाइल वीस-बावीस मिनिटं घेते.

त्यावर एक तोडगा आहे. फ्लॅकपासून १२८ केबीपीएसची एक ऐकण्यापुरती प्रत बनवायची आणि फक्त तीच क्लाउडवर ठेवायची. १४४ तासांच्या तालमीचे ८.३ जीबी होतात आणि ते मोफत जागेतही बसू शकतात. प्रवासात फोनवरून ऐकायला तीच बरी. मूळ फ्लॅक डिस्कवर सुरक्षित असेल तर अशा प्रती कितीही वेळा नव्याने काढता येतात.

कार्ड भरलं किंवा बॅटरी गेली, तर

रेकॉर्डरमध्ये ३२ जीबीचं कार्ड असेल आणि रियाज-तालीम दोन्ही त्यावरच होत असतील, तर वरच्या हिशोबाने आठवड्याला साडेतीन जीबी जातात आणि कार्ड नऊ आठवडे पुरतं. दर रविवारी ते रिकामं होत असेल तर काळजी नाही. बहुतेक रेकॉर्डर स्क्रीनवर उरलेला वेळ तासांत दाखवतात. तालमीला निघताना तो आकडा बघणं हे डिस्क विकत घेण्याइतकंच नियोजन आहे.

बैठक लांबली तर आणखी एक मर्यादा आड येते. वेव्ह फाइलला स्वतःचा आकार लिहायला ३२ बिटचीच जागा असते, त्यामुळे ती चार जीबीच्या आसपास थांबते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओमध्ये ही मर्यादा चार तास आठ मिनिटांनी येते. बरेच रेकॉर्डर त्याआधीच, काही तर दोन जीबीलाच, नवी फाइल सुरू करतात. त्यामुळे रात्रभराच्या मैफलीच्या दोन-तीन फाइल दिसल्या तर काही बिघडलं असं समजू नये. मात्र कॉपी करताना त्यातली पहिलीच घेतली जाते आणि बाकीच्या कार्डसोबत पुसल्या जातात, असं सर्रास होतं.

बॅटरी मध्येच संपली तर काय उरतं, हेही फॉरमॅटवर ठरतं. वेव्हमध्ये फाइलची लांबी सुरुवातीला लिहिलेली असते आणि ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरली जाते. ती भरायची राहिली, तर फाइल शून्य सेकंदांची दिसते, पण आवाज बहुतेक वेळा आत असतोच. फाइल मॅनेजरमध्ये तिचा आकार शेकडो एमबी दिसत असेल तर ती पुसू नये. ऑडॅसिटीमध्ये `Import` खालच्या `Raw Data` मधून ती उघडावी आणि रेकॉर्ड करतानाची सेटिंग, म्हणजे ४८,०००, २४ बिट, स्टिरिओ, तीच द्यावी. नुसती खरखर ऐकू आली, तर `Start offset` एकेक बाइटने वाढवून पुन्हा उघडावी. तो जुळला की सुरुवातीला एखादा खट्ट आवाज येतो आणि पुढे तालीम सुरू होते. एमपी३ तर तुटलेल्या ठिकाणापर्यंत आपोआप वाजते, कारण तिच्या प्रत्येक छोट्या तुकड्यात स्वतःची माहिती असते. सर्वांत नाजूक फोनची `.m4a`. कुठला आवाज कुठे आहे याची यादी तिच्यात अनेकदा शेवटी लिहिली जाते आणि ती लिहिण्याआधी फोन बंद पडला, तर फाइल उघडतच नाही. म्हणून फोनवर तालीम घ्यायची असेल, तर दर अर्ध्या तासाने, एक बंदिश संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या वेळात, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावं. जागा तेवढीच लागते, पण बॅटरी गेलीच तर जास्तीत जास्त शेवटचा अर्धा तास हातचा जातो.